डबा की खिचडी? आधी चमचा तिरका करून बघ

(बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र, नाव-गाव काढून)

"ताई नमस्कार. माझी मुलगी आत्ताच आठ महिन्याची झाली. सहा महिन्याला ६ किलो ८०० ग्रॅम होती, आता ७ किलो. डॉक्टर म्हणाले वजन म्हणावं तसं वाढलं नाही, खाणं वाढवा. मी शाळेत शिकवते, सकाळी साडेआठला निघते ते पाचला घरी. आत्या डाळीचं पाणी आणि खिचडी मिक्सरला फिरवून देतात, पोर दोन घास घेते नि थुंकते. सकाळचीच खिचडी दुपारी गरम करून देतात, मध्ये एकदा गाईचं दूध बाटलीने. नणंद पुण्याहून सिरियलचे डबे आणि फळांच्या प्युरीच्या काचेच्या बाटल्या घेऊन आली, तर ते मात्र पोर चाटून पुसून खाते. आत्या म्हणतात डब्याचं खाणं म्हणजे विष, नणंद म्हणते खिचडीत काय असतं, डब्यात सगळी जीवनसत्त्वं आहेत. रोज घरात यावरून बोलाचाली. मी नक्की काय देऊ?"

अगं, उद्या सकाळी शाळेला निघायच्या आधी एक काम कर. आत्या बाळासाठी जे काढतात त्यातला एक चमचा भरून घे, वाटीवर धर आणि चमचा हळूच तिरका कर. पाण्यासारखं घळाघळा वाहून गेलं तर पोरीचं वजन का अडलं त्याचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. चमच्याला धरून बसलं, सावकाश एका गोळ्याने खाली पडलं, तर ते खाणं बरोबर आहे. मग डब्यातल्या सिरियलचाही एक चमचा तसाच करून बघ, कारण मला वाटतंय नणंदेने डबा घट्ट कालवला असणार आणि आत्यांची खिचडी पातळ असणार, आणि तुम्ही तिघी भांडताय डबा का घरचं यावर, फरक मात्र पाण्याचा आहे.

हे मी असं का म्हणते ते सांगते. सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळेला साधारण २०० मिली धरतं (किलोमागे ३० मिली असा अंदाज असतो), म्हणजे मोठ्यांचा एक पेला. त्यात जे बसेल तेच पोरीच्या अंगाला लागणार. आता आईच्या दुधाच्या १०० मिलीत ६५ ते ७० कॅलरी असतात. डाळीच्या वरच्या पाण्याच्या, आपण कट म्हणतो ना तो, त्याच्या १०० मिलीत जेमतेम वीस-पंचवीस. म्हणजे तू घरी असताना अंगावर पाजतेस त्यापेक्षा सुद्धा डाळीचं पाणी हलकं आहे आणि ते पिऊन पोट मात्र भरतं, मग पोर दूधही कमी पिते. डाळीचा सगळा जीव खाली गाळात राहिलेला असतो आणि तो घरातली मोठी माणसं आमटीत खातात. माझ्याकडे कडोली बाजूची एक आज्जी नातवाला घेऊन आली होती, स्टीलच्या डब्यातून डाळीचं पाणी आणलेलं, अगदी प्रेमाने तूप-हिंग घातलेलं. मी डबा हलवायच्या आधी वरचं पाणी एका वाटीत ओतलं नि तळाची डाळ दुसऱ्या वाटीत काढून तिच्यासमोर ठेवली. आज्जीने दोन्ही वाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, म्हणजे मी पोराला पाणीच पाजत होते की. त्यात तिची काय चूक नव्हती, आजाऱ्याला, बाळंतिणीला पातळ द्यायचं ही सवय पिढ्यांची, ती सवय सहा महिन्याच्या पोरावर आपसूक लागू होते. तुझ्या आत्यांचंही तेच असणार.

तर आता खिचडी. "खिचडीत काय असतं" असं नणंद म्हणते त्याचं उत्तर असं की कशी केली त्यावर आहे. एका वाटीचा हिशोब तुला मोजून देते. चहाचे सपाट पाच चमचे तांदूळ, म्हणजे साधारण २० ग्रॅम, आणि अडीच चमचे सालाशिवायची मूगडाळ, म्हणजे १० ग्रॅम. दोन्ही धुवून अर्धा तास भिजत घाल. एका छोट्या स्टीलच्या डब्यात घालून पाणी साधारण सव्वाशे मिली घाल, चिमूट हळद, आणि घरच्या भाताच्याच कुकरात वरच्या भांड्यात ठेव, वेगळा कुकर लावायची गरज नाही. तीन-चार शिट्ट्या आणि कुकर आपोआप उतरू दे. मीठ नको, वर्षाच्या आत वरून मिठाची गरज नसते, म्हणून मोठ्यांच्या भातात मीठ घालायच्या आधी हिचा डबा वेगळा. उतरल्यावर चहाचा एक चमचा साजूक तूप घालून पळीच्या पाठीने घोटून घे. तांदळाच्या सत्तर, डाळीच्या तेहतीस-पस्तीस, तुपाच्या पंचेचाळीस, मिळून दीडशेच्या आसपास कॅलरी, आणि वाटी भरते दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका ग्रॅमला एक कॅलरी. याच धान्यात दोन पेले पाणी घातलं तर धान्य तेवढंच, पण पोर निम्म्यातच पोट भरून तोंड फिरवणार आणि त्यात अंगाला लागलं काय तर निम्म्याहून कमी. सहा ते आठ महिन्यात आईच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला २०० च्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे अशी एक वाटी आणि वर थोडंसं दुसरं काहीतरी, बस. पण ती वाटी खरोखर तशी असली पाहिजे.

येळ्ळूरचा बासमती असला तर उत्तम पण साधा इंद्रायणी, कोलम कुठलाही चालतो, तांदळाच्या जातीवर जीव काढू नको. आणि तुपाचा चमचा कुणी कमी करायला सांगितलं तर ऐकू नको, त्या वाटीतल्या तीसेक टक्के कॅलरी त्या एका चमच्यातल्या आहेत आणि त्याने वाटी मोठी होत नाही, तेच त्याचं वैशिष्ट्य.

मिक्सर मात्र बंद कर. आठ महिन्याला दाताबिताची वाट न बघता हिरड्यांनीच दाबून खायची तयारी होते, खिचडीत मऊ कण लागले पाहिजेत. नऊ-दहा महिन्यापर्यंत कण तोंडात आलेच नाहीत की पुढे पोरं गुठळी लागली की ओकारी काढतात, मग आई घाबरून परत मिक्सर, असं चक्र होतं. माझ्या मुलाचं असंच झालं होतं. मी अकराव्या महिन्यापर्यंत सगळं गंधासारखं करून दिलं, मग साधा मऊभात दिला तर तो रडून लाल व्हायचा, दोन महिने गेले ते सुधारायला. म्हणून आत्यांना सांग पळीने, चमच्याने चेचायचं, पाटावरवंट्यासारखं वाटायचं नाही. ओकारी काढली म्हणून पळून जायचं नाही, ओकारी आणि अडकणं वेगळं असतं, ओकारीत पोर आवाज करतं, खोकतं, तोंड लाल होतं आणि स्वतःच बाहेर काढतं. आवाजच बंद झाला, श्वास घेता येईना, ओठ निळे व्हायला लागले तर ते अडकणं, तिथे लगेच धावायचं. शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष अख्खं कधी नाही, आणि बसवून भरवायचं, झोपवून नाही.

आता डब्याकडे येऊ. डब्याला विष म्हणणं बरोबर नाही आणि अमृत तर नाहीच. त्यात नक्की काय असतं ते समजून घे मग तूच ठरवशील. सिरियलची पूड म्हणजे धान्याचं पीठ आधीच शिजवून, गरम ड्रमवर पातळ पसरून वाळवलेलं असतं, म्हणून ते पाण्यात लगेच कालवलं की चालतं. हा त्याचा खरा गुण. लोकांचा इथे मोठा गोंधळ होतो, रविवार पेठेतून तांदूळ-मूग आणून भाजून दळून "घरचं सेरेलॅक" म्हणून करतात आणि फ्लास्कमधल्या गरम पाण्यात कालवून देतात. ते नुसतं भाजलेलं पीठ आहे, शिजलेलं नाही, पोट दुखतं, वारा धरतो, पोर रडतं आणि सगळे म्हणतात डाळ बाधली. घरचं पीठ असेल तर ते गॅसवर पाण्यात सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायलाच पाहिजे. आणि त्यात काजू-बदामाची पूड घातलेली असेल तर पंधरा दिवसापेक्षा जास्तीचं दळून ठेवू नको, तेल खवट होतं, वास घेऊन बघितलं की कळतं.

डब्याचा दुसरा गुण म्हणजे लोह, हा मुद्दा मी पुढे घेते कारण तो नीट सांगायला पाहिजे. आधी दोष सांगते. पोर डब्याचं चाटून खाते आणि खिचडी थुंकते, याचं एक कारण गोड. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने भारतात मिळणाऱ्या एका मोठ्या ब्रँडच्या १५ प्रकारांची तपासणी छापली, त्यात एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ ३ ग्रॅम वरून घातलेली साखर निघाली, म्हणजे चहाचा पाऊण चमचा. त्यानंतर बाजारात साखर न घातलेले प्रकार आलेत. पण डब्याचं तोंड बघून कळत नाही, मागची बारीक अक्षरं वाचायची. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे जास्त ते आधी. त्यात साखर, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, मध असं काही दिसलं तर तो डबा परत ठेव. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर तेही स्टार्चच आहे, पटकन विरघळणारा, गोड कमी पण कॅलरीपलीकडे पोषण काही नाही, यादीत वरती असेल तर मी तरी घेणार नाही. दोन वर्षापर्यंत वरून साखर नकोच, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्याला ते झेपत नाहीत, गावाकडे बोटाला मध लावून चाटवतात ते सुद्धा थांबव. गूळ म्हणजे साखर नाही असं आत्या म्हणतील, पण जिभेला दोन्ही सारखंच.

आणि डब्यावर बाळाचा हसरा फोटो का नसतो माहितेय का? आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, त्यात दोन वर्षाखालच्या बाळांच्या खाण्याची जाहिरात करायला, फुकट सॅम्पल वाटायला, पाकिटावर बाळाचं-आईचं चित्र छापायला बंदी आहे. कुठे दुकानात किंवा कुणाच्या केबिनमध्ये फुकट डबा हातात दिला तर तो कायद्याबाहेर आहे हे लक्षात ठेव.

डब्याची आणखी एक अडचण पैशाची, आणि ती पातळपणाकडेच येऊन थांबते. एका वेळेला २५ ग्रॅम पूड धरली तरी तीनशे ग्रॅमचा डबा बारा वाट्यात संपतो. दिवसाला दोनदा दिलं तर सहा दिवसात. मग काय होतं, डबा पुरवायला पाणी जास्त घालतात, पूड दोन चमचे कमी घालतात, आणि डब्याची सुद्धा डाळीच्या पाण्यासारखीच गत. त्यामुळे डबा वापरायचाच असेल तर मागे लिहिलेल्या मापानेच, आणि पाणी उकळून कोमट केलेलं. तुझ्या डब्याचा चमचा तिरका करून बघ म्हणते ते याच्याचसाठी.

नणंदेने आणलेल्या प्युरीच्या बाटल्यांबद्दल थोडकंच सांगते. वाईट नाहीत, बंद बाटलीत निर्जंतुक केलेल्या असतात, प्रवासात उपयोगी. पण फळाच्या प्युरीत डाळ नाही, तूप नाही, लोह नावाला, १०० ग्रॅमला पन्नास-साठ कॅलरीच्या आसपास, म्हणजे जेवणाच्या जागी ती चालत नाही. एक केळं चेचलं तर त्यात जास्त मिळतं. उघडताना झाकण टक् करून आवाज आला पाहिजे, झाकणाचा मधला भाग आधीच वर आलेला असेल तर फेकून दे. आणि बाटलीतूनच चमच्याने भरवू नको, तोंडातला चमचा परत बाटलीत गेला की उरलेलं खराब व्हायला लागतं. वाटीत हवं तेवढं काढायचं, बाकीचं फ्रीजमध्ये, आणि लेबलवर जेवढे तास लिहिलंय त्याच्या आत संपवायचं. तोंडाने ओढून प्यायच्या पिशव्या आल्यात त्यांच्यातून चोखायला देऊ नको, चावणं शिकायचं वय आहे.

आता लोह. इथे नणंदेचं म्हणणं काही अंशी खरं आहे आणि आत्यांनी ते ऐकलं पाहिजे. बाळ पोटात असताना आईकडून जे लोह साठवून आणतं ते साधारण सहा महिन्यापर्यंत पुरतं, आईच्या दुधात लोह कमी असतं. म्हणजे सहा महिन्यानंतर ते वरच्या खाण्यातून यायला लागतं. आपल्या वाटीभर खिचडीत किती? तांदळाचं नि डाळीचं मिळून अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही अंगी लागतं फार थोडं. चांगल्या डब्यात वरून घातलेलं लोह याच्या कित्येकपट असतं, मागच्या तक्त्यात बघितलंस तर दिसेल. म्हणून नुसती खिचडी, कितीही घट्ट आणि तुपाची, रोजच्या रोज दिली तरी रक्त कमी राहू शकतं. आणि दुपारी बाटलीने गाईचं दूध चाललंय ते आधी थांबव, वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून गाईचं दूध नको, त्यात लोह अगदी कमी, आणि त्याने आतड्यातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं. दिवसाचं दूध तूच सकाळी काढून ठेव, स्वच्छ स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, फ्रीजमध्ये, आत्यांनी ते कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करून चमच्याने, वाटीने द्यायचं, बाटली नको. थेट गॅसवर उकळायचं नाही.

लोहासाठी मग तीन गोष्टी. एक, सरकारी लोहाचं सिरप. सहा महिन्यापासून पाच वर्षापर्यंत आठवड्यातून दोनदा एक-एक मिली, त्यात २० मिलीग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, आशाताई किंवा आरोग्य केंद्रातून फुकट मिळतं. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात हे ठरलेलं आहे, पण मागितल्याशिवाय किती घरात पोचतं हा प्रश्न आहे, म्हणून तू माग. खाल्ल्यानंतर द्यायचं, दुधात कालवून नको, ताप असेल तर त्या वेळेला टाळ, आणि शी काळी झाली तर घाबरायचं नाही, ती होतेच. बाटली मात्र उंचावर ठेव, गोड लागतं म्हणून घरातली मोठी पोरं पिऊन टाकतात. देण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखव, वजन अडलेल्या बाळाला हिमोग्लोबिन बघून घेतलेलं बरं, थॅलेसेमिया घरात कुणाला असेल तर तेही आधी सांग.

दुसरं, घरात खात असाल तर अंडं आणि कलेजी. अंडं पूर्ण उकडून पिवळा-पांढरा दोन्ही चेचून खिचडीत, आधी चमचाभर आणि दोन-तीन दिवस बघून वाढवायचं. शेंगदाण्याचंही तसंच, अख्खा नाही, बारीक कूट पाण्यात घोटून पातळ केलेलं चमचाभर, एकदा चालतंय दिसलं की मग आठवड्यातून दोनतीनदा. चिकनच्या कलेजीचा बोटभर तुकडा नीट शिजवून, चेचून आठवड्यातून एकदा, त्यातलं लोह भाताडाळीपेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं, पण कलेजीत अ जीवनसत्त्व फार असल्यामुळे रोज नको. शाकाहारी घर असेल तर खिचडीवर लिंबाचे तीन-चार थेंब पिळायचे आणि शेवग्याचा पाला चिमूटभर शिजवताना घालायचा, लिंबामुळे डाळीतलं लोह जास्त ओढून घेतलं जातं, ही जुनी माणसं आमटीत लिंबू पिळायची ते उगीच नव्हतं. चहा मात्र या वाटीच्या आसपास सुद्धा नको, आज्जी बशीतला चहा चाटवते ते लोहाला मारक.

तिसरी गोष्ट तुला आवडेल, कारण तिने तुझ्या घरातलं भांडणही मिटेल. साखर नसलेलं तांदळाचं किंवा गव्हाचं सिरियल घे, आणि खिचडी शिजवून घोटल्यावर, कोमट झाल्यावर त्यात घट्ट कालवलेलं सिरियल मिसळ. घट्टपणा वाढतो, डब्यातलं लोह मिळतं, आणि मुलीला ओळखीचा वास लागतो म्हणून ती थुंकायची कमी होते. पहिले चार दिवस निम्मं-निम्मं, मग खिचडी दोन वाटे नि डबा एक वाटा, पंधरा दिवसांनी चवीपुरती पूड. मधल्या काळात तुला कळेल की थुंकणं म्हणजे कायमचं नाही असं नसतं, नवीन चव आठ-दहा वेळा समोर यावी लागते तेव्हा कुठे पटते. जबरदस्तीने तोंडात कोंबायचं नाही, तोंड फिरवलं की थांब, अर्ध्या तासाने परत बघ.

नाचणीचंही सांगते, आपल्या भागात नाचणा घराघरात आहे. आंबील, सत्त्व, कन्नड शेजारणींची सरी, नावं वेगळी. पण सत्त्व फडक्यातून गाळताना वर उरणारा चोथा फेकतात, त्या चोथ्यात बरंचसं लोह-कॅल्शियम जातं. त्यापेक्षा नाचणी रात्रभर भिजवून, एक दिवस मोड आणून, सावलीत वाळवून, हलकं भाजून दळ आणि बारीक चाळणीने चाळून वापर. मोड आणल्याने त्यात एक विकर तयार होतं, ते पिठाचा चिकटपणा मोडतं, म्हणून तेवढ्याच पातळपणात जास्त पीठ मावतं. सकाळी दोन चमचे पीठ, तुझ्या काढलेल्या दुधात नको, साध्या पाण्यातच शिजवून, वर तूप आणि केळं चेचून, ही झाली तू निघायच्या आधीची वाटी.

मग तुझा दिवस असा बसतो. पहाटे अंगावर पाज. आठ वाजता नाचणीची वाटी तू स्वतः भरव. दुपारी साडेबारा-एकला आत्यांनी खिचडी ताजी. ही ताजी म्हणते कारण सकाळची खिचडी उघड्यावर पाच तास ठेवणं मला अजिबात पटत नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस नावाचा जंतू वाढतो, त्याचं विष परत गरम केलं तरी जात नाही. फ्लास्कमध्ये भरून ठेवलं तर ते कोमट राहतं, गरम राहत नाही, जंतूला तेच हवं असतं. नियम एवढाच धर, खोलीत दोन तासापेक्षा जास्त नाही. तू सकाळी मोजून धुतलेलं तांदूळ-डाळ डब्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेव, आत्यांनी आपला भात लावताना तो डबा वरती ठेवला की झालं, त्यांना मोजमाप करायला नको आणि पाणी जास्त घालायचा प्रश्नच येत नाही, सव्वाशे मिलीच्या वाटीवर खूण करून ठेव. फ्रीजमध्ये उरलेली द्यायचीच झाली तर चोवीस तासाच्या आत, एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून, नि वाटीतली उष्टी परत ठेवायची नाही. संध्याकाळी पाचला तू आलीस की आधी पाज, मग अंडं किंवा बटाटा चेचून थोडंसं. नुसता डबा फक्त तू बाहेरगावी, बेळगावहून पुण्याला रात्रीच्या गाडीत वगैरे, किंवा घरात कुणी आजारी असेल तेव्हा. रोज घरात नुसत्या डब्याचं जेवण द्यायची गरज नाही.

आत्यांना ही गोष्ट बोलायची कशी? मला वाटतं पत्र वाचून दाखव आणि डाळीच्या दोन वाट्या त्यांच्याच हाताने वेगळ्या काढायला लाव, वरचं पाणी एकीकडे नि तळ एकीकडे. डब्याचा विषय काढूच नको. "तुमचीच खिचडी, फक्त थोडी घट्ट, आणि मिक्सर नको" एवढंच.

वजन बघायचं ते महिन्यातून एकदा, अंगणवाडीत त्याच वजनकाट्यावर, कपडे जवळपास तेवढेच. तायी कार्ड म्हणजे आई-बाळाचं सरकारी आरोग्य कार्ड, त्यावरचा आलेख अंगणवाडीच्या टीचरना भरायला सांग, कन्नड वाचता येत नसेल तर रंग बघ, हिरव्यात रेघ वर जातेय का सपाट झाली आहे. तुझी लेक आठव्या महिन्याला सात किलो म्हणजे अजून हिरव्यात आहे, पण दोन महिन्यात दोनशे ग्रॅम हे कमीच, या वयात महिन्याला साधारण तीनशे ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली पाहिजे. पुढच्या महिन्यात पावशेर-तीनशे ग्रॅम वाढली तर खाणं लागू पडलं असं समज. महिनाभर घट्ट खिचडी, तूप, सिरप सगळं करून सुद्धा रेघ सपाटच राहिली, किंवा मध्येच जुलाब, ताप, सतत सुस्ती, फिके ओठ, लघवी कमी असं दिसलं तर मात्र खाण्याच्या भरवशावर थांबू नको, डॉक्टरकडे जा आणि लघवीचा संसर्ग, थायरॉईड, रक्त हे तपासून घे असं स्वतःहून विचार.

आणि हो, डब्यातल्या मापाचा चमचा फेकू नको. तो धुवून एकदा साखरेने, एकदा तुपाने भरून बघ, मग खिचडीत तूप किती आणि कुठल्या गोड खाण्यात साखर किती, याचा अंदाज घरातल्या सगळ्यांना येतो, नणंदेलाही दाखव.